सोळा घरांचा एक षड्ज

हिंदुस्थानी संगीताच्या मैफलीत तालाचे काम करणाऱ्या तबल्याच्या जोडीपैकी उजव्या हाताने वाजवला जाणारा लाकडी खोडाचा तबला हा ठरावीक स्वर देणारा अवनद्ध, म्हणजे चामड्याने मढवलेला, वाद्यप्रकार असल्यामुळे गाणे सुरू होण्यापूर्वी तो गायकाच्या षड्जाला मिळवून घेणे हे तबलावादकाचे पहिले काम ठरते. हे काम बाहेरून पाहणाऱ्याला हातोडीचे चार-दोन ठोके एवढेच दिसते. परंतु त्या ठोक्यांमागे दोन वेगवेगळ्या गोष्टी साधायच्या असतात. तबल्याचा स्वर गायकाच्या षड्जाशी जुळला पाहिजे ही त्यातील दुसरी गोष्ट आहे. पहिली, आणि खरोखर अवघड, गोष्ट अशी की तबला स्वतःशी जुळलेला असला पाहिजे, म्हणजे त्याच्या तोंडाभोवती कोठेही आघात केला तरी एकच स्वर निघाला पाहिजे. जो तबला स्वतःशीच बेबनाव करून आहे, तो कोणत्याही षड्जाला मिळू शकत नाही.

या क्रियेचे स्वरूप कळण्यासाठी वाद्याची रचना थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. खोडाच्या तोंडावर बसवलेल्या चामड्याच्या आवरणाला पुडी म्हणतात. पुडी बकऱ्याच्या कातड्याची असते आणि तिचे तीन वर्तुळाकार भाग डोळ्यांना स्पष्ट दिसतात. कडेने असणारी दुहेरी कातड्याची पट्टी म्हणजे चाट किंवा किनार, मधला काळा गोल म्हणजे शाई, आणि या दोहोंमधला उघडा भाग म्हणजे मैदान, ज्याला लव असेही म्हणतात. पुडीच्या परिघावर कातडी पट्ट्यांची जाड वेणी विणलेली असते, तिला गजरा म्हणतात. या गजऱ्यातील सोळा छिद्रांतून चामड्याची लांब वादी ओवून ती खोडाच्या तळाशी असलेल्या कड्यातून पुन्हा वर आणलेली असते. वादी जेथे गजऱ्यातून जाते त्या प्रत्येक जागेला घर म्हणतात. वादीच्या ताणाखाली खोडाला लागून आठ लाकडी गठ्ठे सरकवलेले असतात, त्यामुळे दर दोन घरांच्या वाट्याला साधारणपणे एक गठ्ठा येतो. खोड वरच्या तोंडाशी अरुंद आणि खाली पोटाशी रुंद असते, म्हणून गठ्ठा खाली सरकवला की वादी बाहेर ढकलली जाते, तिचा ताण वाढतो आणि स्वर चढतो. गठ्ठा वर घेतला की ताण सैल होऊन स्वर उतरतो.

हातोडीचा उपयोग या दोन ठिकाणी, गठ्ठ्यांवर आणि गजऱ्यावर, होतो, आणि दोन्हींचे काम निराळे आहे. गठ्ठ्यावर केलेला आघात स्वर मोठ्या प्रमाणात हलवतो, गजऱ्यावर केलेला आघात तो बारीक प्रमाणात हलवतो. गजऱ्यावर वरून खाली ठोकले असता पुडीची कड खाली ओढली जाते आणि त्या घराचा स्वर चढतो. गजऱ्याच्या खालच्या कडेला वरच्या दिशेने ठोकले असता तो उतरतो. हातोडीचे एक तोंड सपाट आणि दुसरे निमुळते करण्याची पद्धत याच विभागणीतून आलेली आहे, कारण गठ्ठ्याला रुंद आघात हवा असतो तर गजऱ्याला नेमका. हातोडी चुकून चाटेवर पडली तर दुहेरी कातड्याची कड तुटते आणि एका क्षणात पुडी निकामी होते. म्हणूनच शिकाऊ विद्यार्थ्याच्या हातात हातोडी देण्याबाबत जुने उस्ताद कमालीचे सावध असत, आणि ती सावधगिरी योग्यच होती.

ताण आणि स्वर यांचा संबंध सरळ प्रमाणाचा नाही, आणि तबला जुळवताना येणाऱ्या अनेक अडचणींचे मूळ येथे आहे. ताणलेल्या पडद्याची कंपनसंख्या ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. पेटीवरील एका पट्टीपासून लगतच्या पट्टीपर्यंतचे अंतर, म्हणजे अर्धा स्वर, चढवायचा असेल तर कंपनसंख्या सुमारे सहा टक्क्यांनी वाढते, पण त्यासाठी ताण सुमारे बारा टक्क्यांनी वाढवावा लागतो. पूर्ण स्वर चढवायचा झाला तर ताणातील वाढ पंचवीस टक्क्यांच्या पुढे जाते. एवढा ताण केवळ गजरा ठोकून येत नाही, त्यासाठी गठ्ठे हलवावे लागतात. आणि दोन-तीन अर्ध्या स्वरांच्या पलीकडे गेल्यास गठ्ठेही उपयोगी पडत नाहीत, कारण पुडी तरी फाटते किंवा तिचा आवाज ओढलेला आणि कोरडा होतो. उलट बाजूने, प्रमाणापेक्षा जास्त उतरवलेला तबला बसका, बद्द बोलतो आणि त्याची आस, म्हणजे आघातानंतर रेंगाळणारा नाद, निघून जाते. प्रत्येक तबल्याला स्वतःची अशी एक अरुंद स्वरमर्यादा असते, आणि ती मुख्यतः त्याच्या तोंडाच्या व्यासावर ठरते: पाच ते साडेपाच इंचांच्या तोंडाचा तबला टिपेचा, म्हणजे चढ्या स्वराचा, तर सहा इंच आणि त्याहून मोठ्या तोंडाचा तबला ढाल्या स्वराचा.

तबल्याला निश्चित स्वर का असतो हा प्रश्न जुळवणीशी थेट निगडित आहे. साध्या गोल पडद्याची, म्हणजे शाई नसलेल्या चामड्याची, निरनिराळी कंपने एकमेकांशी पूर्णांकांच्या प्रमाणात नसतात. मूळ कंपन एक धरले तर पुढची कंपने १.५९, २.१४, २.३० अशा विस्कळीत पटींत येतात आणि कानाला त्यातून स्वर न मिळता केवळ नाद मिळतो. सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये एका सहकाऱ्यासह ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या टिपणात आणि पुढे १९३४ मधील विस्तृत निबंधात दाखवून दिले की, भारतीय तालवाद्यांच्या मधोमध दिलेल्या शाईच्या वजनामुळे ही कंपने १ : २ : ३ : ४ : ५ अशा प्रमाणात येऊन बसतात, म्हणजे तंतुवाद्याच्या तारेप्रमाणे पुडीही सुरेल उपस्वर देते. पुडीवर बारीक वाळू पसरून केलेल्या आघातांत वाळू ज्या रेषांवर गोळा होते त्या निष्कंप रेषा होत, आणि अशा आकृत्यांच्या आधारे रामन यांनी नऊ कंपनप्रकार पाच स्वरांशांत कसे एकत्र येतात हे मांडले. भिजवलेल्या भाताची किंवा कणकेची खळ आणि लोहकीस यांचे थर एकावर एक देत, प्रत्येक थर दगडाने घासत शाई चढवणारे कारागीर हे प्रमाण कानाने साधत आले आहेत.

तबला स्वरात लावताना वादक जो बोल वाजवून पाहतो तो सामान्यतः ‘ना’ हा असतो, आणि या निवडीला कारण आहे. ‘ना’ वाजवताना अनामिका शाईच्या कडेवर अलगद टेकवलेली असते आणि तर्जनीने काही अंतरावर चाटेवर आघात केला जातो. टेकवलेल्या बोटामुळे पुडीचे मूळ कंपन दबते, आणि ज्या कंपनात पुडीचा अर्धा भाग वर जात असताना उरलेला अर्धा खाली जातो, ते दुसरे कंपन पुढे येते. त्याची निष्कंप रेषा बोटाखालून आणि शाईच्या मध्यातून जाते. वादकाच्या कानाने धरलेला तबल्याचा स्वर हा याच कंपनाचा असतो. कोणतेही बोट न टेकवता वाजवलेल्या ‘तूं’मध्ये मूळ कंपन मोकळे असते, पण ते दुसऱ्या कंपनाच्या नेमके अर्ध्यावर बसेलच असे नसल्यामुळे ‘तूं’वरून तबला लावणे फसवे ठरते.

घरांच्या जुळवणीचे मर्म या दुसऱ्या कंपनात आहे. निष्कंप रेषेच्या दोन्ही बाजूंना पुडी हलत असल्याने या कंपनाची गती त्या रेषेला आडव्या असलेल्या व्यासावरील ताणावर, म्हणजे एका घरावरील आणि त्याच्या बरोबर समोरच्या घरावरील ताणावर अवलंबून असते. हात थोडा फिरवून दुसऱ्या घरावर ‘ना’ वाजवला की निष्कंप रेषाही फिरते आणि वेगळ्या व्यासाचा ताण स्वर ठरवू लागतो. पुडी सर्व बाजूंनी सारखी ताणलेली असेल तर रेषा कोठेही फिरली तरी स्वर तोच राहतो. तशी नसेल तर एका घरावर चढा आणि पाव परिघ पुढे उतरा स्वर मिळतो. एवढ्यावरच हे थांबत नाही. प्रत्यक्ष आघातात थोड्याफार प्रमाणात दोन्ही दिशांची कंपने जागी होतात, त्यांच्या गतींमध्ये किंचित फरक असल्यास त्यांची एकमेकांशी चढाओढ होऊन आसेमध्ये लहर येते, आणि एरवी लांब, गोल वाटणारा ‘ना’ कापरा व तोकडा होतो. अनुभवी वादक पुष्कळदा नेमक्या स्वराआधी या कापऱ्या आसेवरूनच ओळखतो की एखादे घर फिरले आहे. समोरासमोरच्या घरांवर जोडीने काम करण्याची जी परंपरागत शिकवण आहे, तिचेही स्पष्टीकरण येथेच मिळते.

प्रत्यक्ष जुळवणी कशी चालते हे एका उदाहरणाने पाहता येईल. गायकाचा षड्ज काळी एक आहे, म्हणजे पेटीवरील पहिल्या काळ्या पट्टीचा आहे, असे समजले तर पुरुष गायकाचा मध्य षड्ज सेकंदाला सुमारे १३९ कंपनांचा असतो. एवढ्या खाली उजवा तबला बोलत नाही, म्हणून तो त्याच्या दुपटीला, म्हणजे तार षड्जाला, सुमारे २७७ कंपनांवर लावला जातो आणि त्यासाठी साडेपाच इंचांच्या आसपासचे तोंड योग्य पडते. पावसाळी हवेत प्रवास करून आलेला असा तबला उघडल्यावर तो पांढरी एकच्या जवळपास, सुमारे २६२ कंपनांवर उतरलेला आढळला, तर तो पूर्ण अर्धा स्वर खाली आहे. वर सांगितल्याप्रमाणे ही बारा टक्के ताणाची उणीव आहे, आणि ती गजऱ्यावरून भरून काढण्याचा प्रयत्न म्हणजे गजरा चेपवून टाकणे होय. म्हणून वादक आधी सपाट तोंडाने आठही गठ्ठ्यांवर वरून हलके, शक्य तितके सारखे आघात करतो. तो एका गठ्ठ्यानंतर लगतचा न घेता समोरचा घेतो, मग त्यांना आडवे असलेले दोन, आणि मग उरलेले चार, जेणेकरून पुडी एका बाजूला ओढली जाऊ नये. या फेरीचे उद्दिष्ट काळी एक गाठणे हे नसून तिच्या किंचित खाली पोहोचणे हे असते.

यानंतर बारीक काम सुरू होते. वादक सोळा घरांपैकी ज्या घराचा ‘ना’ सर्वांत मोकळा आणि लांब येतो ते घर आधार म्हणून धरतो आणि गजऱ्यावर निमुळत्या तोंडाने एक-दोन ठोके देऊन ते तानपुऱ्याच्या षड्जाशी मिळवतो. मग समोरचे घर, मग आडवी जोडी, आणि त्यानंतर मधली घरे अशा क्रमाने तो पुढे जातो. हात फिरवण्याऐवजी तबलाच चुंबळीवर, म्हणजे ज्या गोल कापडी बैठकीवर तो ठेवलेला असतो तिच्यावर, फिरवण्याची सवय चांगली, कारण त्यामुळे बोटांची ठेवण आणि आघाताचा जोर सर्व घरांवर सारखा राहतो व कानाला केवळ स्वरातला फरक ऐकू येतो. एक घर चढवले की त्याच्या शेजारची घरेही थोडी चढतात, म्हणून एका फेरीत काम कधीच पूर्ण होत नाही. दुसऱ्या फेरीत पहिल्याइतके ठोके पडू लागले तर आधाराचे घर चुकीचे निवडले आहे असे समजावे. एखादे घर प्रमाणाबाहेर चढले तर इतर पंधरा त्याच्यापर्यंत नेण्याचा मोह टाळून गजऱ्याला खालून ठोकून तेच उतरवणे शहाणपणाचे असते. शेवटी तळहाताने मैदानावर दाब दिला जातो, म्हणजे अवघडून बसलेली वादी आणि कातडे आपापल्या जागी स्थिरावतात, आणि मग सर्व घरे पुन्हा एकदा तपासली जातात. दाब देण्यापूर्वी सुरेल वाटणारा तबला या तपासणीत अनेकदा थोडा उतरलेला आढळतो.

स्वर मिळाला हे कशावरून ओळखायचे, याचे उत्तर पेटीत न शोधता तानपुऱ्यात शोधावे असा आग्रह धरणे योग्य आहे. पेटीचे सूर सम विभागणीचे आणि कायमचे बसवलेले असतात, तर तानपुरा गायकाने त्या दिवशीच्या आपल्या गळ्यानुसार पट्टीच्या किंचित वर किंवा खाली लावलेला असू शकतो; गायक ज्या षड्जात गाणार तो तानपुऱ्याचा, म्हणून तबलाही त्याचाच. तानपुऱ्याच्या जोडाच्या तारेचा मूळ स्वर १३९ कंपनांचा असला तरी तिच्या जवारीतून, म्हणजे घोडीवर तारेखाली दोरा अडकवून आणलेल्या झंकारातून, २७७ चा उपस्वरही स्पष्ट ऐकू येतो. तबल्याचा ‘ना’ २७५ वर असला तर या दोहोंच्या मिश्रणात सेकंदाला दोन लहरी उठतात. तबल्याची आस आखूड असल्याने पूर्ण लहर मोजायला वेळ मिळत नाही, तथापि नाद सरळ न विरता मध्येच खचल्यासारखा वाटतो. स्वर पूर्ण मिळाला की हे खचणे नाहीसे होते, आणि तबला एकटा वाजवताना होता त्यापेक्षा मोठा वाटू लागतो, कारण त्याच्या उपस्वरांना तानपुऱ्याच्या उपस्वरांची साथ मिळते. अलीकडे मोबाइलवरील स्वरमापक उपयोगात आणले जातात. तबला कोणत्या पट्टीच्या आसपास आहे हे कळण्यासाठी ते ठीक आहेत, परंतु ‘ना’मध्ये अनेक स्वरांश एकाच वेळी वाजत असल्यामुळे त्यांचा काटा भरकटतो, आणि घराघरांतील सूक्ष्म फरक शोधण्यासाठी त्यांच्यावर विसंबता येत नाही.

स्त्री गायिकेच्या साथीला हा प्रश्न वेगळ्या रूपात उभा राहतो. षड्ज काळी चार असेल तर त्याची कंपनसंख्या सुमारे २०८ येते. तिच्या दुपटीला, ४१५ वर, तबला चढवणे अशक्यच असते, म्हणून मध्य षड्जावरच, सहा इंचांहून मोठ्या तोंडाचा ढाला तबला घेणे हा एक मार्ग आहे. अशा तबल्याचा नाद भरदार असतो, पण मोठ्या पुडीवर द्रुत लयीतील बोल तितकेसे स्वच्छ उमटत नाहीत. दुसरा मार्ग म्हणजे तबला षड्जाऐवजी मध्यमाला किंवा पंचमाला लावणे. काळी चारचा शुद्ध मध्यम काळी एक येतो, म्हणजे पुरुष गायकासाठी वापरला जाणारा साडेपाच इंची तबला येथे जसाच्या तसा चालतो, आणि काळी दोनवर लावला तर तोच पंचमाचा तबला होतो. मात्र हा उपाय रागावर अवलंबून आहे. मालकंसात पंचम वर्ज्य असल्याने पंचमाचा तबला प्रत्येक आघाताला रागाबाहेरचा स्वर मध्ये आणतो. यमनमध्ये मध्यम तीव्र लागत असल्याने शुद्ध मध्यमाचा तबला तितकाच खटकतो. मालकंस, बागेश्री यांसारख्या मध्यमाचे प्राबल्य असलेल्या रागांत मात्र मध्यमाचा तबला इतका शोभतो की ती तडजोड वाटतच नाही. राग बदलत जाणाऱ्या मैफलीत कोणत्याही रागात बाधा न आणणारा षड्जाचा तबलाच हाती असावा, यासाठी मोठ्या तोंडाचा तबला सोबत बाळगण्याचा त्रास पत्करणे श्रेयस्कर होय.

डाव्या हाताच्या डग्ग्याबाबत येथे एवढे सांगणे पुरे की, त्याचा स्वर मनगटाच्या दाबाने सतत बदलत असल्यामुळे तो षड्जाला काटेकोरपणे मिळवला जात नाही. पुडी सर्व बाजूंनी सारखी आणि गुंजती असली की भागते.

हवामान हा या सर्व खटाटोपातील असा घटक आहे ज्यावर हातोडीचा ताबा तात्पुरताच चालतो. कातडे बाष्प शोषून सैलावते आणि कोरड्या हवेत आकसते. त्यामुळे कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात तबला उतरतो, तर वातानुकूलित सभागृहात तो हळूहळू चढू लागतो आणि रंगमंचावरील दिव्यांच्या उष्णतेने ही गती वाढते. बाहेरच्या दमट हवेतून आणलेला तबला सभागृहात पाऊल टाकताच लावला तर पहिला ख्याल संपेपर्यंत तो गायकाच्या वर गेलेला असतो. वाद्य आधीच मंचावर आणून उघडे ठेवावे, ते तेथील हवेशी सरावले की मगच लावावे, हा त्यावरचा एकमेव भरवशाचा उपाय आहे. तरीही गाणे चालू असताना दुरुस्तीची वेळ येतेच. विलंबित एकतालात एका मात्रेला काही सेकंद मिळत असल्यामुळे कसलेला वादक ठेक्याचे बोल न मोडता दोन बोलांच्या मधल्या जागेत गजऱ्यावर एक ठोका देऊ शकतो. तो एका वेळी एकच घर हलवतो, आणि पुढच्या ‘ना’वर तपासून मगच समोरच्या घराकडे वळतो, कारण तीन-चार घरे एकदम हलवली आणि अंदाज चुकला, तर द्रुत लय सुरू होईपर्यंत सावरण्याची संधी मिळत नाही.

काही दोष मात्र हातोडीने दूर होत नाहीत, आणि ते वेळीच ओळखले नाहीत तर निष्कारण पुडीवर अत्याचार होतो. शाईचा एखादा भाग कातड्यापासून सुटला तर सर्व घरे मिळूनही नादात करकर राहते. वादी जुनी होऊन लांबली असेल तर गठ्ठे अगदी पोटापर्यंत खाली गेलेले दिसतात आणि आणखी ताण देण्यास जागाच उरत नाही. तेव्हा वादी ओढून पुन्हा बांधून घ्यावी लागते. एकच घर दोन-तीन वेळा मिळवूनही पुनःपुन्हा उतरत असेल तर त्या जागी गजरा झिजला आहे किंवा चाटेला चीर पडू लागली आहे असे समजून पुडी बदलण्याची तयारी करावी.

मैफलीच्या शेवटी ठुमरी किंवा भजनासाठी गायक पुष्कळदा मध्यमाला षड्ज धरून गातो आणि तानपुराही त्याप्रमाणे बदलला जातो. काळी एक असलेल्या गायकाचा नवा षड्ज तेव्हा काळी तीन होतो, आणि आतापर्यंत षड्जात असलेला तबला नव्या षड्जाचा पंचम बनतो. त्या वेळी गठ्ठ्यांना हात लावण्याची गरज नसते. बहुतेक धुनांमध्ये पंचम असल्यामुळे हा तबला तसाच चालतो. फक्त नव्याने लावलेल्या तानपुऱ्याशी सोळा घरे पुन्हा एकदा पडताळून घ्यावी लागतात, कारण गायकाने तानपुरा बदलताना मध्यम केसभर वर किंवा खाली घेतला असेल तर तेवढा फरक गजऱ्यावरच्या एका हलक्या फेरीत काढून टाकता येतो.